विश्लेषण : क्लिप कापली तरी चालेल, मूळ रेकॉर्डिंग हरवता कामा नये!

पुण्यात कोथरूडमध्ये राहणारा एक भाडेकरू फ्लॅट सोडतो आहे, असे समजू. चावी परत देताना तो मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडीओ काढतो. घरमालक सोबतच फिरत आहेत. ११ मिनिटे ४० सेकंदांच्या या व्हिडीओत एका ठिकाणी घरमालकांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो : ‘सगळं व्यवस्थित आहे. डिपॉझिटचे साठ हजार पंधरा दिवसांत देतो.’ भाडेकरू हे वाक्य असलेला ५० सेकंदांचा तुकडा कापतो आणि घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवतो. काही दिवसांनी फोनची मेमरी भरते, म्हणून दीड जीबीचा मूळ व्हिडीओ तो डिलीट करतो. पैसे काही मिळत नाहीत. तीन महिन्यांनी प्रकरण वकिलांकडे जाते, तेव्हा घरमालकांचे उत्तर तयार असते : ‘अहो, हा नुसता तुकडा आहे. त्याआधी मी काय बोललो, ते यांनी कापलंय.’

भाडेकरूने खोटेपणा केलेला नाही, पण ते दाखवायला त्याच्याकडे आता काहीच उरलेले नाही. त्याची चूक व्हिडीओ कापण्यात नव्हती. तासाभराचे रेकॉर्डिंग कोणीच पूर्ण ऐकत नाही, त्यामुळे तुकडे करावेच लागतात. चूक झाली ती मूळ फाइल घालवण्यात आणि तुकडा कसा तयार केला याची नोंद न ठेवण्यात. जपलेली मूळ फाइल आणि प्रत्येक बदलाची लेखी नोंद या दोन गोष्टी असतील, तर कापलेली क्लिपही टिकते. त्या नसतील, तर खरी क्लिपही संशयास्पद ठरते.

मूळ फाइल म्हणजे नेमकी कोणती?

फोनच्या कॅमेऱ्याने किंवा रेकॉर्डर ॲपने जी फाइल पहिल्यांदा मेमरीत लिहिली, ती मूळ. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तिचे नाव `VID_20250614_183012.mp4` अशा धाटणीचे असते. त्यातून तारीख आणि वेळ वाचता येते : १४ जून २०२५, सायंकाळी ६ वाजून ३० मिनिटे १२ सेकंद. या फाइलमध्ये चित्र आणि आवाजाखेरीज आणखी माहिती असते. रेकॉर्डिंगची वेळ, चित्राचा आकार, काही फोनमध्ये मॉडेल आणि ठिकाण. फॉरेन्सिक तपासणीत आधी हीच माहिती आणि फाइलची अंतर्गत रचना पाहिली जाते.

इथे अनेकांचा एक गोंधळ होतो. व्हिडीओ फाइलच्या आत नोंदलेली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यामुळे तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सायंकाळी साडेसहाचा व्हिडीओ दुपारी एकचा दिसू शकतो. साडेपाच तासांचा हा फरक भारतीय वेळेचा आहे, छेडछाडीचा नाही. मात्र हा फरक पाहून कोणी ‘दुरुस्ती’ म्हणून फाइलमधली वेळ बदलली, तर तेव्हा खरोखरच छेडछाड होते. फोनचे घड्याळ पुढे-मागे असेल तरी फाइलला हात लावायचा नाही. ‘घड्याळ इतकी मिनिटे पुढे होते’ असे वहीत लिहायचे.

मूळ फाइल नकळत कशी बदलते?

पहिली जागा व्हॉट्सॲप. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडीओ व्हॉट्सॲप नव्याने दाबून लहान करते. पलीकडे पोहोचते ती दुसरीच फाइल. तिचे नाव `VID-20250614-WA0011.mp4` असे होते, दर्जा उतरतो आणि आतली बरीचशी माहिती निघून जाते. नावातले `WA` दिसले की ही कॅमेऱ्यातून थेट आलेली फाइल नाही, हे जाणकाराला लगेच कळते. तोच व्हिडीओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर तो जसाच्या तसा जातो. म्हणून वकिलांना किंवा सोसायटीच्या सचिवांना काही पाठवायचे असेल, तर डॉक्युमेंटचा पर्याय निवडावा.

दुसरी जागा गुगल फोटोज. बॅकअप `Storage saver` या सेटिंगवर असेल, तर क्लाउडमध्ये दाबलेली प्रत जाते. नंतर जागा करण्यासाठी `Free up space` वर बोट पडले, की फोनमधली मूळ फाइल पुसली जाते. ‘बॅकअप आहे ना’ या समजुतीत माणूस निश्चिंत असतो, पण हातात उरते ती दाबलेली प्रत. आयफोनवाल्यांसाठी तिसरी जागा आहे. केबलने संगणकावर फोटो-व्हिडीओ घेताना सेटिंग `Automatic` असेल, तर फाइलचे स्वरूप वाटेत बदलू शकते. ते आधी `Keep Originals` करावे लागते.

चौथी जागा फोनची गॅलरी. व्हिडीओ आडवा दिसतो म्हणून फिरवला, सुरुवातीचे दोन सेकंद नको म्हणून छाटले आणि ‘सेव्ह’ केले, तर काही फोनमध्ये मूळ फाइलच्या जागी नवी फाइल बसते. नुसता व्हिडीओ पाहिल्याने आतला मजकूर बदलत नाही. फाइलचे नाव बदलल्यानेही बदलत नाही. बदल होतो तो ‘एडिट’ आणि ‘सेव्ह’ या दोन बटणांनी. म्हणून मूळ फाइल गॅलरीच्या एडिटरमध्ये उघडायचीच नाही.

‘हॅश’ कशासाठी?

पूर्वी रेकॉर्डिंग कॅसेटवर असे. रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या पुराव्यासाठी सहा कसोट्या सांगितल्या. कॅसेट काळजीपूर्वक सीलबंद करून सुरक्षित किंवा अधिकृत ताब्यात ठेवलेली असावी, ही त्यांतली एक. फाइलला लाखेचे सील लावता येत नाही. ते काम आता हॅश करतो.

हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवर गणिती प्रक्रिया करून मिळणारा ठरावीक लांबीचा अंक-अक्षरांचा संच. SHA256 या पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. त्याच फाइलवर ही प्रक्रिया कितीही वेळा केली, तरी उत्तर तेच येते. व्हिडीओतल्या एका चित्राचा एक ठिपका बदलला, तरी सगळा संच बदलतो. विंडोज संगणकावर यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. फाइल असलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ टाइप करावी लागते :

```
certutil -hashfile VID_20250614_183012.mp4 SHA256
```

मॅकवर हेच काम `shasum -a 256` आणि लिनक्सवर `sha256sum` करते. MD5 आणि SHA1 या जुन्या पद्धतीही वापरात आहेत. पण या दोन्हींत वेगवेगळ्या फाइलींचा हॅश मुद्दाम एकसारखा आणता येतो, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून SHA256 निवडणे बरे.

एक मर्यादा पक्की लक्षात ठेवायला हवी. हॅश काढला त्या क्षणापासून फाइल बदललेली नाही, एवढेच त्यातून कळते. त्याआधी काय झाले, हे हॅश सांगत नाही. भाडेकरूने तीन महिन्यांनी हॅश काढला, तर मधल्या तीन महिन्यांबद्दलचा प्रश्न तसाच राहतो. म्हणून हॅश त्याच दिवशी काढावा आणि तो ईमेलने स्वतःला आणि आणखी एका विश्वासू व्यक्तीला पाठवून ठेवावा. दीड जीबीचा व्हिडीओ ईमेलला जोडता येत नाही, पण ६४ चिन्हे सहज जातात. त्या चिन्हांतून व्हिडीओत काय आहे हे कोणाला कळत नाही. तारीख मात्र ईमेल सेवेकडे नोंदली जाते, आणि ती भाडेकरूला मागाहून बदलता येत नाही.

नोंदवही कशी लिहायची?

आता हेच प्रकरण नीट हाताळले असते तर कसे दिसले असते, ते पाहू. भाडेकरू एक साधी वही घेतो आणि प्रत्येक कृतीची नोंद त्याच वेळी करतो.

पहिली नोंद, १४ जून, रात्री ९.२०. फोनचा मेक, मॉडेल आणि `*#06#` डायल करून दिसलेला आयएमईआय क्रमांक. व्हिडीओ कोणी काढला, कुठे काढला, कोण हजर होते. फोनमधून केबलने लॅपटॉपवर प्रत घेतली. फाइलचे नाव, लांबी, बाइट्समधला आकार आणि पूर्ण हॅश.

दुसरी नोंद, त्याच रात्री ९.३५. लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर प्रत घेतली. तिचा हॅश पुन्हा काढला, पहिल्याशी जुळला. पेनड्राइव्ह पाकिटात घालून पाकिटावर तारीख आणि सही केली. ही ‘मूळ प्रत’, तिला यापुढे हात नाही. लॅपटॉपवर ‘कामाची प्रत’ या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये आणखी एक प्रत ठेवली. जे काही कापायचे ते तिच्यातूनच.

तिसरी नोंद, १५ जून, सकाळी ८.१०. कामाच्या प्रतीतून ०७:०५ ते ०७:५५ हा भाग कापला. वापरलेल्या सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती. नवी फाइल `clip_01.mp4`, तिचा हॅश. कारण : घरमालकांना पाठवण्यासाठी. आवाज, वेग, रंग यांत बदल नाही. प्रत्यक्षात क्लिप ०७:०३ पासून सुरू होते.

शेवटचे वाक्य किरकोळ वाटेल, पण त्याला तांत्रिक कारण आहे. व्हिडीओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र असते आणि मधल्या चित्रांत फक्त फरक साठवलेला असतो. फाइल नव्याने न दाबता कापणारी सॉफ्टवेअर अलीकडच्या पूर्ण चित्रापासून कापतात. त्यामुळे सुरुवात एक-दोन सेकंद सरकते. वहीत ०७:०५ आणि क्लिपमध्ये ०७:०३ असेल, तर समोरचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. कापल्यानंतर क्लिप मूळ व्हिडीओशी लावून पाहायची आणि खरी वेळ लिहायची.

चौथी नोंद सप्टेंबरमधली. वकिलांना पंख्याच्या घरघरीत वाक्य नीट ऐकू येत नाही. म्हणून आवाज साफ केलेली दुसरी क्लिप केली : कोणता फिल्टर, किती प्रमाणात, कुठून कुठपर्यंत. महत्त्वाचे म्हणजे ही क्लिप `clip_01` पासून नाही, तर पुन्हा पूर्ण लांबीच्या कामाच्या प्रतीपासून केली. एडिट केलेल्या फाइलवर पुन्हा एडिट केले, तर कोणत्या टप्प्यावर काय गेले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. फिल्टरने घरघर कमी होते, तसा एखाद्या शब्दाचा काठही बोथट होऊ शकतो. त्यामुळे साफ केलेली क्लिप नेहमी साफ न केलेल्या क्लिपसोबत द्यायची. रेकॉर्डिंगचा मजकूर कागदावर उतरवला, तर त्यातल्या वेळाही मूळ व्हिडीओच्याच लिहायच्या.

नोंद पुरेशी आहे की नाही, याची एकच परीक्षा. तिसऱ्या माणसाने ती वही आणि मूळ फाइल हातात घेऊन तीच क्लिप पुन्हा तयार करता आली पाहिजे. वहीत चूक झाली, तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि सही. पान फाडायचे नाही आणि सगळी वही एका बैठकीत मागाहून लिहायची नाही. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच ओघात लिहिलेल्या असल्या, की वहीच संशयाचा विषय होते.

कायद्यात याला काय स्थान?

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत दिला आहे. ‘भाग अ’ पक्षकाराने भरायचा, ‘भाग ब’ तज्ज्ञाने. उपकरणाचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक किंवा आयएमईआय, फाइलचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे त्यात विचारलेले आहे. म्हणजे वहीतली पहिली नोंद ही या प्रमाणपत्राचीच कच्ची प्रत आहे. मूळ फाइल नसलेल्या माणसाला व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपचा हॅश देता येईल, पण तो हॅश त्या क्लिपचा असेल, फोनने केलेल्या रेकॉर्डिंगचा नाही.

मूळ आणि प्रत यांतल्या फरकाची किंमत महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत संपल्यावर दाखल झाले, असा आक्षेप घेत कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले व्हिडीओ चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा होता. न्यायालयापुढे आल्या त्या चित्रीकरणाच्या सीडी, आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र मिळाले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये खोतकर यांचे अपील फेटाळले. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी अर्जदाराने शक्य ते सगळे केले होते आणि निकालाला आधार देणारा इतर पुरावाही होता, हे न्यायालयाने लक्षात घेतले. मात्र प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे या निकालाने पक्के केले. मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ते उपकरण हजर करत असेल, तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही सांगितले.

हा निकाल जुन्या कायद्याखालचा आहे. पण सामान्य माणसासाठी त्यातला धडा आजही लागू पडतो. वाद मिटेपर्यंत तो फोन एक्सचेंज ऑफरमध्ये द्यायचा नाही, फॅक्टरी रीसेट करायचा नाही. नव्या कायद्याच्या कलम ५७ मध्येही ‘योग्य ताबा’ हा शब्दप्रयोग आहे. योग्य ताब्यातून आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद, तिच्यावर वाद नसेल तर, प्राथमिक पुरावा मानली जाते. वाद निघाला, की ताब्याचा इतिहास विचारला जातो, आणि तो सांगायला वहीपेक्षा सोपे साधन नाही.

मूळ फाइल आपल्याच विरोधात गेली तर?

खरी अडचण इथे आहे. पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये आपल्या बाजूच्याच गोष्टी असतील, असे नाही. कोथरूडच्या व्हिडीओत ०६:५२ ला घरमालक म्हणतात, ‘किचनचा नळ गळतोय, त्याचे पैसे कापावे लागतील.’ भाडेकरू म्हणतो, ‘हो काका, ते माझ्याकडे लागलं.’ क्लिप सुरू होते ०७:०३ ला, म्हणजे अवघ्या ११ सेकंदांनंतर. भाडेकरूने मुद्दाम काही लपवले नसेल, पण क्लिप तसे सुचवते. मूळ फाइल गेलेली असेल, तर घरमालक त्या ११ सेकंदांत काहीही भरू शकतात. नळाचे दुरुस्तीबिल फुगून पूर्ण डिपॉझिटएवढे होऊ शकते. मूळ फाइल असेल, तर नळाचे पैसे द्यावे लागतील हे खरे, पण वाद तेवढ्यावरच थांबतो.

म्हणूनच ‘आपल्याला हवा तेवढाच भाग ठेवू’ हा सल्ला वाईट आहे, मग तो कोणीही देवो. गैरसोयीचा भाग पुसणाऱ्याचा सोयीचा भागही विश्वास गमावतो. फाइल गेली याचे कारण मेमरी भरली होती की मनात काही होते, हे ठरवण्याचा मार्ग समोरच्याकडे नसतो, न्यायाधीशांकडेही नसतो.

या सगळ्याने खटला जिंकता येईलच, असे नाही. आवाज कोणाचा, बोलणे कोणत्या संदर्भात झाले, रेकॉर्डिंगमुळे कोणाच्या खासगीपणाचा भंग झाला का, हे प्रश्न वेगळे आहेत आणि वही त्यांची उत्तरे देत नाही. प्रमाणपत्राच्या ‘भाग ब’साठी तज्ज्ञ शोधण्याचा खर्च आणि धावपळ साठ हजारांच्या वादात अनेकांना झेपणार नाही, ही कायद्यातली खरी अडचण आहे. छोट्या दाव्यांसाठी सरकारने जिल्हास्तरावर माफक शुल्कात अशी सोय करायला हवी. पण ती सोय उद्या झाली, तरी तज्ज्ञ पहिल्यांदा मागणार ती मूळ फाइलच. केबलने प्रत घेणे, हॅश काढणे, ईमेल पाठवणे आणि वहीत चार ओळी लिहिणे यांना पहिल्या रात्री अर्धा तास पुरतो. तीन महिन्यांनंतर डिलीट झालेली फाइल मात्र कितीही तास घालवले, तरी परत येईलच याची खात्री नाही.